डब्यातला भात उकळतच नाही

माझी पुतणी साताऱ्यात नोकरीला लागली आणि खोली घेऊन राहू लागली. दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "काकू, मी अगदी तुमच्यासारखाच कुकर लावते. खाली डाळ, मध्ये भात, वर भाजी. भात होतो तेव्हा डाळ कच्ची असते. डाळ होईपर्यंत ठेवलं तर भाजीचा लगदा होतो. शिवाय डाळ उतू जाऊन भातात येते ती वेगळीच."

मी विचारलं, "किती वेळ ठेवतेस?"

"चार शिट्ट्या."

मी वेळ विचारली होती, तिनं शिट्ट्या सांगितल्या. अर्धी गडबड इथेच आहे. बाकीची अर्धी समजायला कुकरच्या आत काय चालतं ते एकदा नीट पाहायला हवं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे हे सांगताना थोडा वर्ग घेतल्यासारखं होईल, तेवढं चालवून घ्या.

उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं आणि मग कितीही मोठा गॅस केला तरी त्याहून गरम होत नाही. जादाची उष्णता वाफ होऊन निघून जाते. कुकरमध्ये वाफेला बाहेर जायला जागा नसते, म्हणून ती आत दाटते आणि दाब वाढतो. दाब वाढला की पाणी अधिक तापल्याशिवाय उकळत नाही. घरगुती कुकरची शिट्टी साधारण अशा वजनाची केलेली असते की बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी जवळपास तेवढाच दाब आत साठला की ती उचलली जाते. त्या दाबाला आतलं तापमान असतं साधारण 120 अंश. डाळीला उघड्यावर लागणारा पाऊण तास कुकरमध्ये पाव तासावर येतो, तो या वीस अंशांमुळे. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशांनाच उकळतं आणि पातेल्यातली डाळ शिजता शिजत नाही, पण तिथेही कुकर लावला की काम होतं, कारण शिट्टीचा दाब तिथल्या हवेच्या दाबावर वर चढतो.

हे बहुतेकांना ठाऊक असतं. डबे ठेवले की काय बदलतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

डाळ थेट कुकरमध्ये टाकली तर तिच्या बुडाखाली जाळ असतो. डब्यात ठेवली तर जाळ तिच्यापर्यंत पोचतच नाही. जाळ फक्त तळातलं पाणी उकळवतो. त्या पाण्याची वाफ वर जाते, थंड डब्याला लागते आणि डब्यावर तिचं पुन्हा पाणी होतं. वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता डब्याला मिळते आणि थेंब ओघळून परत तळाशी येतो. तिथं त्याची पुन्हा वाफ होते. म्हणजे तळातलं पाणी हे हमालासारखं आहे, खालून उष्णता उचलायची, वर डब्यावर टाकायची आणि रिकाम्या हातानं खाली यायचं. डब्यातला ऐवज थंड असेपर्यंत या खेपा जोरात चालतात. ऐवज वाफेइतकाच गरम झाला की त्या थांबतात, कारण आता वाफेला थंड व्हायला जागाच उरत नाही.

आता यातली गंमत पाहा. पाणी उकळायला सभोवती त्याच्याहून गरम काहीतरी लागतं. डब्यातल्या भाताभोवती असते फक्त वाफ, आणि भात फार तर तिच्याइतकाच गरम होतो. त्यामुळे आत दाब स्थिर असेल तर डब्यातला भात उकळतच नाही. तो 120 अंशांच्या पाण्यात निवांत बसून फुगतो. डाळीचंही तसंच. कुकर लावण्याचे बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

पहिला नियम पाण्याचा. डब्यातलं पाणी उकळत नाही म्हणजे आटतही नाही. जेवढं घालाल तेवढं तांदूळ पितो आणि उरलेलं तिथंच राहतं. पातेल्यातल्या भाताच्या अंदाजानं डब्यात पाणी घातलं की भात गिच्च होतो तो म्हणून. जुन्या कोलमला वाटीला दोन वाट्या पुरतात. इंद्रायणी किंवा कुठलाही नवा तांदूळ असेल तर दीडच्या वर जाऊ नये, नाहीतर खीर. डाळीला वाटीला अडीच वाट्या. तिला तीन-चार वाट्या पाणी घालून उपयोग काहीच नाही, फक्त तेवढं जास्तीचं पाणी तापवायला गॅस जातो. आमटीला पातळपणा हवा तर फोडणीनंतर वरून गरम पाणी घालावं.

दुसरा नियम वेळेचा. थेट कुकरमध्ये टाकलेला भात दाब आल्यावर पाच-सहा मिनिटांत होतो. डब्यातल्याला दहा-बारा मिनिटं लागतात. उष्णता डब्याच्या पत्र्यातून आत, पाण्यातून दाण्यापर्यंत, अशी सावकाश जाते. पहिली शिट्टी झाली तेव्हा बाहेरची वाफ 120 अंशांवर असते, पण डब्याच्या पोटातला भात अजून मागे असतो. डबा जितका खोल आणि भरलेला, तितका तो मागे राहतो. म्हणून एक उंच डबा गच्च भरण्यापेक्षा पसरट डब्यात थर पातळ ठेवलेला बरा.

पुतणीचा मूळ प्रश्न इथेच आहे. तिन्ही डबे एकाच वेळी आत जातात, एकाच वेळी बाहेर येतात, तापमानही तिघांना एकच. मग तीन निरनिराळ्या वेळा जुळवायच्या कशा? कुकर त्या जुळवत नाही. जुळवाजुळव कुकरचं झाकण लावायच्या आधी ओट्यावर करायची असते. सगळ्यात हळू शिजणारी वस्तू पुढे काढायची आणि सगळ्यात पटकन शिजणारी मागे खेचायची.

हळू शिजणारी वस्तू म्हणजे तुरीची डाळ. ती अर्धा-पाऊण तास कोमट पाण्यात भिजवली की पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत आधीच पोचलेलं असतं, कुकरला फक्त तापवायचं काम उरतं. तांदूळ मात्र भिजवायचा नाही. तो ऐन वेळी धुवायचा, म्हणजे तो डाळीच्या मागे राहतो. तांदूळ मध्यम आणि डाळ हळू असली तरी ही मागेपुढे करून दोघं बारा मिनिटांवर एकत्र येतात. डाळीचा डबा सगळ्यात खाली, कारण कुकर तापत असताना वाफ तिथं आधी पोचते आणि त्या डब्याला दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात.

भाजीला मागे खेचायला दोन उपाय आहेत, मोठा तुकडा आणि बंद झाकण. बटाट्याच्या फोडी केल्या तर चार-पाच मिनिटांत विरघळतात, पण मध्यम बटाटा सालासकट नुसता दोन भागांत कापला की तो बरोबर बारा मिनिटं घेतो. मग सोलून, हातानं फोडून पिवळी भाजी फोडणीला टाकायची. भाजीच्या डब्यात पाणी घालायचं नाही. झाकणाच्या आतून वाफेचे थेंब गळत असतात, म्हणून वरच्या डब्यावर ताटली ठेवावी. ती थेंबही अडवते आणि भाजीपर्यंत वाफ पोचायला जरा उशीरही करते.

आमच्या घरचा एक साधा दिवस सांगते, म्हणजे अंदाज येईल. माणसं चार, कुकर पाच लिटरचा, वाटी नेहमीची आमटीची. पावणेसातला वाटीभर तूरडाळ कोमट पाण्यात भिजत घातली. साडेसातला ते पाणी काढून टाकलं, अडीच वाट्या नवं पाणी, चिमूटभर हळद आणि अर्धा चमचा तेल घातलं. तेलानं डाळीचा फेस दबतो. डबा अर्ध्याहून थोडा कमी भरला. तांदूळ दीड वाटी, पाणी तीन वाट्या. आमच्याकडे सोबत भाकरी असते म्हणून एवढा भात पुरतो, नुसत्या भातावर जेवणाऱ्यांनी दोन वाट्या घ्यावा. चार बटाटे अर्धे करून तिसऱ्या डब्यात, वर ताटली.

कुकरच्या तळाशी जाळी ठेवली आणि अडीच वाट्या पाणी घातलं, तेही गरम. पाणी जाळीच्या वर, पण खालच्या डब्याच्या पोटाशीच राहायला हवं. जास्त झालं तर उकळताना डबे हिंदकळून खडखड वाजतात आणि पाणी डाळीत शिरतं. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर पिळलेल्या लिंबाची एक फोड त्या पाण्यात टाकावी, म्हणजे तळ काळा पडत नाही.

मोठ्या बर्नरवर मोठा गॅस. झाकण लावलं, पण शिट्टी लगेच लावली नाही. आधी नळीतून वाफेची सरळ, जोरकस धार येऊ दिली आणि मग शिट्टी बसवली. आमच्या आई हे करायच्या तेव्हा मला तो नुसता सोपस्कार वाटायचा. खरं कारण असं की कुकरमध्ये सुरुवातीला हवा भरलेली असते. ती आत अडकली तर दाब वाफेचा आणि हवेचा मिळून होतो. शिट्टी ठरल्या दाबाला वाजते, पण आतलं तापमान 120 पर्यंत गेलेलं नसतं. धार सुटू दिली की वाफ हवेला बाहेर ढकलते. नळी तुंबलेली नाही याचीही खात्री आपोआप होते.

एवढं सगळं आत असलं की पहिली शिट्टी व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. ती झाली की कुकर उचलून लहान बर्नरवर, गॅस अगदी बारीक, आणि घड्याळात बारा मिनिटं. मोकळ्या झालेल्या मोठ्या बर्नरवर भाकरीचा तवा. बारा मिनिटांनी गॅस बंद केला आणि कुकर तसाच राहू दिला. दहाएक मिनिटांनी वाफ आपोआप जिरली. या दहा मिनिटांतही आतलं शिजतच असतं, ती हिशेबात धरलेली आहेत. सव्वाआठपर्यंत डाळ बोटचेपी, भात मोकळा, बटाटे सोलायला तयार, आणि भाकऱ्याही झालेल्या.

या बारा मिनिटांत कुकर एखादी शिट्टी देतो किंवा देतही नाही. पुतणीला हेच पटेना. "शिट्टी नाही झाली तर शिजणार कसं?" पण शिट्टी म्हणजे आत जास्त झालेली वाफ बाहेर पडल्याचा आवाज. ती बाहेर पडली म्हणजे तेवढी उष्णता स्वयंपाकघराच्या छताला गेली. एकदा दाब आला की मोठा गॅस ठेवून तापमान वाढत नाही, वजन उचललं जातं आणि वाफ निघून जाते, एवढंच. बारीक गॅसवर कुकर हलकं फुसफुसत असेल, वजन मधूनमधून किंचित हलत असेल, तर आत 120 अंश टिकून आहेत असं समजावं.

ही वाफ किती महाग आहे तेही पाहा. साध्या थंड पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास सातपट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. म्हणजे शिट्ट्यांमधून वाटीभर पाणी उडालं, तर सात वाट्या पाणी उकळीला आणण्याइतका गॅस वाया गेला. आणि हे घरी मोजता येतं. कुकर उघडल्यावर डबे बाहेर काढायचे आणि तळातलं पाणी वाटीनं मोजायचं. मी अडीच वाट्या घालते, दोनच्या आसपास परत मिळतात. पुतणीला चार शिट्ट्यांच्या पद्धतीनं मोजायला सांगितलं तर तिच्या तळाशी पाऊण वाटी उरली होती. तिनंही अडीचच घातल्या होत्या.

मोठ्या गॅसचा दुसरा तोटा म्हणजे डाळ उतू जाणं. वर म्हटलं की दाब स्थिर असेल तर डब्यातलं पाणी उकळत नाही. पण जोराची शिट्टी झाली की आतला दाब एकदम उतरतो. डब्यातलं पाणी तर 120 अंशांचंच असतं. कमी दाबाला तेवढं गरम पाणी पाणी म्हणून राहू शकत नाही, ते तत्काळ उसळून उकळतं. डाळीच्या पाण्यात फेस धरण्याचा गुण असतो, तो फेस डब्याच्या काठावरून येतो. गडबडीत चमच्यानं शिट्टी उचलून वाफ काढणारे किंवा कुकर नळाखाली धरणारे तर हे एका झटक्यात घडवून आणतात. भातावर पिवळं पाणी, झाकणाच्या आतून डाळीचे ओघळ आणि नळीत अडकलेली साल, सगळं त्यातूनच येतं. नळी अशी तुंबली तर पुढच्या वेळी धोका असतो, म्हणून झाकण धुताना नळीतून उजेड दिसतो का ते बघावं.

तळातलं पाणी पूर्ण संपलं तर ते ओळखता येतं. वजनाची हालचाल आणि फुसफुस थांबते, तापलेल्या पत्र्याचा आणि रिंगेचा वास येतो. तेव्हा गॅस बंद करून कुकर तसाच थंड होऊ द्यायचा. नाहीतर सेफ्टी वॉल्व्ह वितळतो, तो त्यासाठीच लवकर वितळणाऱ्या धातूचा केलेला असतो. त्या जागी त्याच कंपनीचा वॉल्व्ह बसवावा, एम-सील वगैरे लावून जुगाड करू नये.

डब्यांची ही उतरंड आपल्याकडे घरोघरी प्रेशर कुकर येण्याच्याही आधीची आहे, हे जाता जाता सांगते. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी 1910 साली इकमिक कुकर काढला. बाहेर पिंप, खाली कोळशाची शेगडी, मध्ये एकावर एक डबे आणि सगळीकडे वाफ. आपल्याकडेही एकट्यानं राहणाऱ्यांमध्ये तो चालायचा. त्यात दाब नव्हता, म्हणून सकाळी लावून ठेवून तासन्‌तास थांबावं लागे. पण वाफेनं डबे तापवायची युक्ती तीच.

पुतणीनं घड्याळ लावून, बारीक गॅसवर, डाळ भिजवून कुकर लावला. भात उत्तम झाला, बटाटेही झाले, डाळ भातात आली नाही. पण डाळ कणीदारच राहिली. पाणी वर आणि पिवळे दाणे खाली, रवीनं घोटली तरी एकजीव होईना. वीस मिनिटं ठेवली तरी तेच. डाळ मात्र तिनं माझ्याच डब्यातून नेली होती, आणि इथे सांगलीत ती बारा मिनिटांत लोण्यासारखी होत होती.

तेव्हा मी विचारलं, "पाणी कुठलं वापरतेस?" बोअरचं. अंघोळीला साबणाचा फेस होत नाही आणि पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो, हेही तिनं सांगितलं. मग उलगडा झाला. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थानं बांधलेल्या असतात. डाळ शिजते म्हणजे हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होतात. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं आणि ते विरघळू देत नाही. चिंच, टोमॅटो, कोकम आधी घातलं तरी डाळ अशीच अडते, कारण आंबटपणातही पेक्टिन नीट सुटत नाही. म्हणून आंबट जे काही असेल ते डाळ घोटल्यावर फोडणीत. वर्षभर उकाड्यात पडलेली जुनी डाळही अशीच हट्टी होते, तिच्यासाठी भिजवण्याची वेळ दुप्पट करावी.

उपाय सोपा निघाला. डाळ भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी. तळाशी बोअरचंच घातलं तरी चालतं, कारण वाफेबरोबर क्षार वर जात नाहीत, ते तळाशीच राहतात. भातालाही बोअरचं चालतं.

भाजीच्या डब्यात काय ठेवू नये, यावर आमचं अजून थोडं वाजतं. बटाटा, रताळं, बीट, सुरण, सालासकट मोठ्या फोडींचा लाल भोपळा आणि दोन भाग केलेलं कच्चं केळं इथवर मी ठेवते. ओला घेवडा किंवा गवार ठेवली तर शिजते, पण रंग शेवाळी होतो. बंद डब्यात भाजीतून सुटणारं आंबट तिथंच राहतं आणि हिरवा रंग बिघडवतं. चवीला वाईट नसते, फक्त पानात उदास दिसते. पालक वेगळा ठेवण्यापेक्षा चिरून डाळीच्या डब्यातच टाकलेला बरा, तो विरघळला तरी डाळ-पालक म्हणून चालून जातो. कोबी आणि फ्लॉवरचा बारा मिनिटांत उग्र वास सुटतो आणि तो भातालाही लागतो. परवा तिनं भेंडी ठेवून पाहिली. फोन आला नाही, नुसता फोटो आला. मी कळवलं की भेंडीला तवा, आणि तोही भाकऱ्या झाल्यावर गरमच असतो तोवर.